मायक्रोफायबरचं फडकं दर महिन्याला बाद होतंय? काचेवरचे फराटे, सॉफ्टनर आणि उष्णता

मी चित्रांना आणि फोटोंना फ्रेम करते. काच आतून एकदा पुसली, मागचा पुठ्ठा बसवला, कडेने पट्टी लावून फ्रेम बंद केली की आतल्या बाजूला पुन्हा हात लावता येत नाही. काचेच्या आत राहिलेला धुळीचा एक कण किंवा एक फराटा म्हणजे सगळी फ्रेम उघडून पुन्हा पहिल्यापासून काम. त्यामुळे फडकं चांगलं आहे की नाही, हे मला इतरांपेक्षा लवकर कळतं आणि जास्त महागातही पडतं.

माझी अडचण अशी होती. मायक्रोफायबरचं नवं फडकं आणलं की पहिले तीन-चार आठवडे काच अशी पुसली जायची की तिथे काच आहे हे बोटानं चाचपून बघावं लागायचं. मग हळूहळू बिघाड सुरू. धूळ उचलली जाण्याऐवजी एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकायची. ओलं करून पुसलं तर पाणी शोषलं न जाता काचेवर पसरायचं आणि वाळल्यावर कमानीसारखे फराटे दिसायचे. फडकं धुतलं की सुधारायला हवं, पण ते उलट आणखी बिघडायचं. वैतागून मी नवं पाकीट आणायची, आणि महिन्याभरानं पुन्हा तेच. असं लागोपाठ तीनदा झालं.

आधी दोष काच पुसायच्या द्रावणाला दिला. ते बदललं, मग नुसत्या पाण्यानं पुसून पाहिलं. फराटे तसेच. मग वाटलं काचच खराब येतेय. म्हणून एकाच काचेचे दोन भाग केले, मध्ये कागदी चिकटपट्टी लावली, डावीकडे जुन्या फडक्यानं आणि उजवीकडे न वापरलेल्या नव्या फडक्यानं पुसलं, दोन्हीकडे तेच साधं पाणी. चिकटपट्टी काढून काचेवर तोंडाची वाफ सोडली. उजवीकडे धुकं एकसारखं बसलं आणि एकसारखं विरलं. डावीकडे मात्र हात जसा फिरला होता तशाच रेघा धुक्यात उमटल्या, आणि वाफ उडाल्यावरही क्षणभर दिसत राहिल्या. म्हणजे फडकं काचेवरचं काही पुसत नव्हतं, स्वतःच्या अंगचं काहीतरी काचेला लावत होतं. काचेवर पातळसा ओशट थर असला की वाफेचे थेंब तिथे वेगळ्या आकाराचे धरतात, म्हणून तो थर एरवी दिसला नाही तरी वाफेत दिसतो. ही चाचणी घरच्या कुठल्याही आरशावर करता येते, आणि माझ्या मते फडक्याची परीक्षा घ्यायला यापेक्षा खात्रीचा सोपा मार्ग नाही.

फडक्याच्या अंगाला काय चिकटलं होतं आणि ते एवढं का नडलं, हे समजायला आधी हे कापड आतून कसं असतं ते बघावं लागेल.

नेहमीचं मायक्रोफायबरचं फडकं पॉलिएस्टर आणि नायलॉन या दोन प्लॅस्टिकचं असतं. पाकिटावर ८०/२० किंवा ७०/३० असं लिहिलेलं असतं, त्यातला मोठा आकडा पॉलिएस्टरचा. पण हे दोन वेगवेगळे धागे एकत्र विणलेले नसतात. तंतू काढतानाच दोन्ही प्लॅस्टिक एकाच छिद्रातून एकत्र बाहेर काढतात, आणि तेही ठरावीक नक्षीत. तंतू आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर संत्रं आडवं कापल्यासारखं दिसतं. फोडींच्या जागी पॉलिएस्टरचे त्रिकोणी तुकडे आणि फोडींमधल्या पापुद्र्यांच्या जागी चांदणीच्या आकाराचं नायलॉन, ही एक रूढ रचना. दुसऱ्या एका रचनेत दोन्हींच्या फोडी आलटून पालटून असतात, बहुधा सोळा.

पॉलिएस्टर आणि नायलॉन एकमेकांना नीट चिकटत नाहीत, आणि सगळी करामत त्यावरच उभी आहे. कापड विणून झालं की ते गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढतात, किंवा त्यावर जोरदार दाबानं पाण्याचे बारीक फवारे मारतात. मग फोडी सुट्या होतात आणि एका तंतूचे अनेक तंतू बनतात. तंतूची बारकाई डेनियरमध्ये मोजतात. ९,००० मीटर लांबीचा तंतू १ ग्रॅम भरला तर तो १ डेनियरचा. साधारण २ डेनियरचा तंतू सोळा भागांत चिरला की प्रत्येक भाग ०.१ डेनियरच्या आसपास येतो, म्हणजे तीन-चार मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा धरला, तर त्याच्या विसाव्या हिश्श्याइतका.

इथे बारकाईइतकाच आकारही महत्त्वाचा आहे. साधा कृत्रिम तंतू गोल आणि गुळगुळीत असतो, तो धुळीच्या कणावरून घरंगळतो. चिरलेल्या तंतूला कडा असतात. पाचरीसारखी ही कड काचेला टेकली की कणाच्या खाली शिरते, त्याला उचकटते, आणि कण दोन तंतूंमधल्या फटीत जाऊन बसतो. शिवाय कण आणि पृष्ठभाग जितके जवळ आणि जितक्या जास्त जागी टेकतील तितकं त्यांच्यातलं आकर्षण वाढतं, आणि एवढ्या बारीक तंतूंचा मिळून पृष्ठभाग त्याच वजनाच्या साध्या कापडापेक्षा कितीतरी मोठा होतो. फडकं कोरडं असेल तर घासताना त्यावर स्थिर विद्युतभारही तयार होतो आणि सुटी धूळ अंतरावरूनच ओढली जाते. ओल्या फडक्यात हा भार टिकत नाही. तिथे काम करतात त्या फटी. बारीक नळीत पाणी आपोआप चढतं तसं पाणी, आणि त्याबरोबर त्यात मिसळलेला मळ, या फटींत खेचला जातो. पॉलिएस्टर स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही, नायलॉन थोडंसं पितं. म्हणजे फडक्यातलं बहुतेक पाणी तंतूंच्या आत नसतं, तंतूंच्या मधे असतं.

हे नीट लक्षात आलं की पुढचं सगळं उलगडतं. फटी बुजल्या किंवा कडा बोथट झाल्या, तर हे फडकं म्हणजे एक साधं प्लॅस्टिकचं कापड. आणि साधं प्लॅस्टिकचं कापड सुती फडक्यापेक्षाही वाईट पुसतं, कारण सुताला पाणी पिण्याचा गुण तरी असतो.

माझे मामा अनेक वर्षं कापडावर प्रक्रिया करणाऱ्या गिरणीत होते. त्यांच्यासमोर मी फडकं ठेवलं. त्यांनी ते चिमटीत धरून दोन बोटांत चोळलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "धुताना सॉफ्टनर घालतेस का गं?"

"सगळ्याच कपड्यांना घालते, मामा. वासही छान येतो."

"मग यावर मेण चढलंय असं समज. गिरणीत आम्ही हे मुद्दाम करायचो, कापड हाताला मऊ लागावं म्हणून. पण पुसायच्या कापडाला कधी नाही."

मामांनी मेण म्हटलं ते अगदी शब्दशः नाही, पण परिणामाच्या दृष्टीनं बरोबर आहे. कपड्यांच्या सॉफ्टनरमध्ये असे रेणू असतात ज्यांच्या एका टोकाला धन विद्युतभार असतो आणि दुसऱ्या टोकाला स्निग्ध पदार्थांसारख्या लांब शेपट्या. पाण्यात कापडाचा पृष्ठभाग किंचित ऋणभारित असतो, म्हणून धन टोक कापडाला धरून बसतं आणि शेपट्या बाहेर राहतात. त्यामुळे तंतू एकमेकांवरून घसरतात आणि कापड मऊ लागतं. अंगातल्या सुती कपड्याला हे चालून जातं. मायक्रोफायबरला मात्र एकाच वेळी तीन ठिकाणी फटका बसतो. कडांवर थर चढून त्या बोथट होतात. फटी अंशतः भरतात आणि त्यांच्या भिंती ओशट होतात, त्यामुळे पाणी आत ओढलं जात नाही. आणि सॉफ्टनरचं एक कामच कपड्यातला स्थिर विद्युतभार घालवण्याचं असल्यामुळे कोरड्या पुसण्यातली ती ओढही जाते. वर ओल्या फडक्यानं जोर लावून पुसलं की त्या थरातला थोडा भाग काचेवर उतरतो. माझे फराटे ते हेच.

एका धुण्यात हे कळत नाही. प्रत्येक धुण्यात थोडं थोडं साठत जातं, म्हणून तीन-चार आठवडे सगळं ठीक वाटायचं. आणि म्हणूनच धुतल्यावर फडकं सुधारण्याऐवजी बिघडायचं. मी मळ काढत होते आणि त्याच पाण्यात थर चढवत होते.

माझ्याकडे तेव्हा अकरा फडकी साठली होती, सगळी माझ्या लेखी बाद. ती टाकून देण्याआधी एकेक तपासायचं ठरवलं. दोन साध्या चाचण्या केल्या. पहिली थेंबाची. काचेवर चमचाभर पाणी ओतायचं आणि कोरडं फडकं न दाबता त्यावरून हळूच ओढायचं. चांगलं फडकं पाणी मागे न ठेवता पुढे जातं. सॉफ्टनर चढलेलं फडकं पाणी पुढे ढकलत नेतं, आणि फडक्याच्या लवेवर थेंब मण्यासारखे उभे राहतात. दुसरी तळहाताची. हात कोरडा हवा, क्रीम लावलेलं नको. चांगलं फडकं तळहातावरून ओढलं की त्वचेच्या बारीक खरखरीत जागी अडकत अडकत जातं, काही जणांना तो स्पर्श नकोसा होतो. तो अडकाव म्हणजे चिरलेल्या तंतूंच्या कडा. बुळबुळीत सरकून गेलं तर कडा झाकल्या आहेत, किंवा मुळात नाहीत.

इथे एक सांगून ठेवते. अगदी कोरं फडकंही थेंबाच्या चाचणीत नापास होऊ शकतं, कारण कारखान्यातल्या प्रक्रियेचे काही पदार्थ त्यावर राहिलेले असतात. नवं फडकं आधी एकदा धुऊनच तपासा.

अकरांपैकी आठ फडकी बुळबुळीत होती. दोन कडक आणि खरखरीत. त्यांची गोष्ट वेगळी, ती पुढे सांगते. एक फडकं मऊ होतं पण त्याच्या लवेत पांढरट कापूस गुंतलेला होता. ते मी सुती टॉवेलांबरोबर धुतलं होतं. मायक्रोफायबर धूळ पकडतं तसंच टॉवेलातून सुटणारे तंतूही पकडतं आणि सहज सोडत नाही. ते ओलं असताना मऊ ब्रशनं एकाच दिशेनं विंचरून बरंचसं साफ झालं.

आठ बुळबुळीत फडक्यांसाठी मी जे केलं ते असं. बादलीत पाच लिटर पाणी घेतलं, हाताला सोसवेल इतपत गरम, साधारण ४५ अंश. त्यात सॉफ्टनर नसलेलं, बिनवासाचं द्रव डिटर्जंट दोन चमचे आणि धुण्याचा सोडा एक चमचा. सोड्यामुळे पाण्याचा जडपणा कमी होतो आणि ओशट थर सुटायला मदत होते. फडकी तासभर भिजत ठेवली आणि अधूनमधून हातानं दाबून सोडत राहिले, म्हणजे पाणी फटींतून आतबाहेर होईल. तासाभरानं पाणी गढूळ झालं होतं आणि वर पातळ, जरा चिकटसर तवंग होता. ते पाणी ओतून दिलं आणि फडकी स्वच्छ पाण्यात विसळली. विसळताना फडकं मुठीत दाबलं की अजून फेस येत होता. फेस येतोय तोवर आत काहीतरी शिल्लक आहे, हा माझा मापदंड. पाचव्या पाण्याला फेस थांबला.

एवढं करूनही पहिल्या फेरीत आठपैकी तीनच फडकी थेंबाच्या चाचणीत पास झाली. याचं कारण आहे. बहुतेक डिटर्जंटमधला मुख्य घटक ऋणभारित असतो आणि सॉफ्टनर धनभारित. दोघं भेटले की आधी एकमेकांना धरून बसतात आणि त्या जोड्या पाण्यात नीट विरघळत नाहीत. डिटर्जंट पुरेसं शिल्लक राहिलं तरच त्या सुटून पाण्याबरोबर जातात. म्हणून एका धुण्यात थर जात नाही आणि लोक "करून पाहिलं, उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. मी उरलेल्या पाच फडक्यांवर आणखी दोन फेऱ्या केल्या. दुसऱ्या फेरीनंतर तीन सुधारली, तिसरीनंतर एक. एक मात्र अर्धवटच राहिलं. ते आता टेबल पुसायला आहे, काचेला लावत नाही.

व्हिनेगर घाला असा सल्ला खूप ठिकाणी मिळतो. जड पाण्यामुळे बसलेले क्षार आणि साबणाचा साका काढायला त्याचा उपयोग होतो, पण सॉफ्टनरचा थर त्यानं निघत नाही. वापरायचंच असेल तर सगळं डिटर्जंट निघून गेल्यावर, शेवटच्या पाण्यात थोडंसं. सोड्याबरोबर एकाच बादलीत घातलं तर दोघं एकमेकांना निकामी करतात. आणि क्लोरीनच्या ब्लीचबरोबर व्हिनेगर कधीच नाही, त्यातून विषारी वायू सुटतो. ब्लीच तसंही या फडक्यांना नकोच, ते नायलॉन खातं.

तर, सात फडकी परत कामाला लागली. मी सॉफ्टनर बंद केला आणि फडकी वेगळी धुवायला लागले. तीन आठवड्यांनी वाफेच्या चाचणीत पुन्हा रेघा दिसल्या.

मला यात सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, आणि ज्यांची समस्या सॉफ्टनर बंद करूनही परत येते त्यांनी हे जरूर बघावं. मशीनचा कप्पा मी बाहेर ओढून काढला. सॉफ्टनरच्या खणात, त्या छोट्या झाकणाखाली, निळसर चिकट पाणी साठलेलं होतं. बहुतेक मशीनमध्ये हा खण वक्रनलिकेवर चालतो. शेवटच्या विसळणीला खणात पाणी भरतं, ठरावीक पातळीवर गेलं की सॉफ्टनरसकट ओढलं जाऊन ड्रममध्ये पडतं. पण तळाशी थोडं नेहमी मागे राहतं, आणि नळीच्या तोंडाशी बुळबुळीत गाळ धरलेला असेल तर जास्तच राहतं. घरातले बाकीचे कपडे अजून सॉफ्टनर घालूनच धुतले जात होते. त्यामुळे फडक्यांच्या फेरीत मी काही घातलं नाही तरी शेवटच्या विसळणीला मागच्या फेरीतला सॉफ्टनर पातळ होऊन त्यांच्यावर पडत होता. दाराच्या रबराच्या घडीतही बोट फिरवलं तर तसाच ओशट थर हाताला लागला.

कप्पा, झाकण आणि नळी गरम पाण्याखाली जुन्या दातांच्या ब्रशनं घासली, रबर पुसून काढलं, आणि ड्रम रिकामा ठेवून नुसत्या डिटर्जंटवर गरम पाण्याची एक फेरी चालवली. फडकी पुन्हा एकदा भिजवून धुतली. त्यानंतर मात्र रेघा आल्या नाहीत. घरात सॉफ्टनर पूर्ण बंद करणं शक्य नसेल, तर फडकी बादलीत हातानंच धुणं जास्त खात्रीचं. पाच-सहा फडक्यांना पंधरा मिनिटं लागतात. ड्रायरमध्ये टाकायचे सुगंधी कागदही याच जातीचे, त्यांचा थर ड्रमच्या पत्र्यावर बसतो आणि पुढच्या फेरीतल्या कपड्यांना लागतो. "सॉफ्टनरयुक्त", "टू इन वन" असं लिहिलेलं डिटर्जंट म्हणजेही तेच, नाव वेगळं.

आता ती दोन कडक फडकी. त्यांच्यावरही मी तीन फेऱ्या केल्या. सुरुवातीला मला वाटलं होतं की तीही सुटतील. पाण्याला ती बरी होती, थेंब बऱ्यापैकी आत जायचा. पण धूळ उचलत नव्हती, आणि हाताला वाळलेल्या स्पंजासारखी लागायची. भिंगाखाली धरल्यावर फरक दिसला. चांगल्या फडक्याची लव सुटी, प्रत्येक फास वेगळा उभा. या दोन्हींची लव पुंजक्या-पुंजक्यांनी चिकटून आडवी झालेली, आणि एकावर बोटभर लांबीचा चकाकता पट्टा. तो बघितल्यावर आठवलं, घाईत वाळवायला मी त्यावर इस्त्री फिरवली होती. दुसरं फडकं कित्येकदा टॉवेलांबरोबर ड्रायरच्या सगळ्यात गरम फेरीत गेलं होतं.

उष्णतेनं मायक्रोफायबर वितळतं असं सर्रास म्हटलं जातं. इस्त्रीच्या बाबतीत ते खरं आहे, ड्रायरच्या बाबतीत तितकंसं नाही. पॉलिएस्टर वितळतं २५० अंशांच्या पुढे, आणि कुठलाही घरगुती ड्रायर तिथवर जात नाही. पण प्लॅस्टिक वितळण्याच्या खूप आधी लवचीक होतं. पॉलिएस्टरसाठी ही हद्द साधारण ७० ते ८० अंशांची, नायलॉनसाठी त्याहून खाली, आणि नायलॉन ओलं असेल तर आणखी खाली. त्या तापमानात तंतू ज्या आकारात दाबला किंवा मुरडला जाईल, थंड झाल्यावर तो आकार थोडाथोडा धरून ठेवतो. गरम ड्रायरमध्ये फडकं टॉवेलांखाली दबतं, गोळा होतं, तापलेल्या पत्र्याला घासतं. एका फेरीत फारसं बिघडत नाही. पण पुन्हा पुन्हा झालं की सरळ असलेल्या कडा वळतात, फास एकमेकांना चिकटून बसतात, आणि फटींची जाळी दबते. इस्त्रीचं तसं नाही. सुती कापडाच्या खुणेवर इस्त्रीचा तवा २०० अंशांच्या आसपास असतो. मायक्रोफायबरमध्ये बऱ्याचदा वापरलं जाणारं नायलॉन साधारण २२० ला वितळतं आणि त्याआधीच मऊ पडतं, आणि तीन-चार मायक्रॉनचा तंतू तापायला क्षणही लागत नाही. चकाकणारा पट्टा म्हणजे टोकं एकमेकांत मिसळून तयार झालेला सपाट पापुद्रा.

सॉफ्टनर हा वरून चढलेला थर असतो, तो काढता येतो. उष्णतेनं तंतूचा आकारच बदललेला असतो आणि तो कुठल्याही धुण्यानं परत येत नाही. म्हणून आधी ओळखून घ्या आणि मगच मेहनत करा. बुळबुळीत आणि पाणी ढकलणारं फडकं भिजत घालण्यासारखं आहे. कडक, खरखरीत, पुंजके झालेलं फडकं तीन बादल्या पाणी वापरूनही तसंच राहील. अशा फडक्यानं काचेचं फारसं बिघडत नाही, पण मी काही फ्रेमना ॲक्रिलिकचं पान लावते, आणि त्यावर, किंवा चष्म्याच्या आणि पडद्यांच्या लेप दिलेल्या पृष्ठभागावर, कडक झालेली टोकं आणि त्यांत अडकून राहिलेली रेती बारीक ओरखडे उठवू शकतात. माझी ती दोन फडकी सायकलची साखळी पुसायला गेली.

तापमानाचा आकडा मात्र फडक्याच्या चिठ्ठीवरचाच खरा माना. रुग्णालयांसाठी बनवलेली काही फडकी ९० अंशांच्या धुण्यासाठीच तयार केलेली असतात, आणि घरगुती फडक्यांवर बहुधा ४० किंवा ६० लिहिलेलं असतं. चिठ्ठी कापून टाकली असेल तर ४० अंशांवर धुवायचं आणि दोरीवर सावलीत वाळवायचं. एवढी बारीक लव हवेत लवकर वाळते, ड्रायर लागतच नाही. आणि वापरायचाच असेल तर सगळ्यात कमी उष्णतेवर, फक्त या फडक्यांची वेगळी फेरी.

अजून एक शक्यता उरते. धुण्यात काही चूक नसतानाही फडकं पहिल्या दिवसापासून धूळ ढकलत असेल, तर ते चिरलेल्या तंतूंचं नसण्याचीच शक्यता जास्त. पाकिटावर नुसतं मायक्रोफायबर लिहिलेलं असतं, आणि तंतू बारीक पण गोल, न चिरलेला असला तरी ते नाव लागू होतं. शंभर टक्के पॉलिएस्टर लिहिलं असेल तर शंका घ्यायला जागा आहे, कारण वेगळी होणारी नायलॉनची जोडी तिथे नसते. एकदा धुऊन तळहाताची चाचणी घ्या. अजिबात अडकत नसेल तर त्यावर सोडा आणि वेळ घालवू नका.

सध्या माझ्याकडे काचेसाठी सहा फडकी आहेत, कोपऱ्यात लाल टाका घातलेली, म्हणजे घरात कुणीही ती चुकून मशीनमध्ये टाकणार नाही. दर रविवारी बादलीत, अर्ध्या चमच्यापेक्षा कमी डिटर्जंटमध्ये धुते. डिटर्जंट जास्त झालं तर तेही फटींत राहतं आणि तेही फराटे उठवतं, हे मी याच खटाटोपात शिकले. वाळली की त्यातलं एक उचलून खिडकीच्या काचेवर फिरवते आणि वाफ सोडून बघते. गेल्या रविवारी ती सातव्या महिन्यात होती, आणि धुकं कडेपासून कडेपर्यंत एकसारखं बसलं.